शिवलेल्या खिशांतल्या गोळ्या

पानात सोळा गोळ्या उरल्या होत्या. उरायला हव्या होत्या एकवीस. या पाच गोळ्यांवरून एका माणसावर आळ आला आणि आमच्या वॉर्डाने चार दिवस तो खरा मानला. मानणाऱ्यांत मीही होते.

लातूरला मी तेरा वर्षं एका मेडिकलच्या काउंटरवर उभी होते. तिथे माणूस चिठ्ठी पुढे करतो, आपण गोळ्या देतो, तो निघून जातो. घरी गेल्यावर त्या गोळ्यांचं काय होतं, हे काउंटरवरून कधी दिसत नाही. नांदेडच्या दवाखान्यात वॉर्डाची फार्मासिस्ट म्हणून लागले, तेव्हा ते दिसायला लागलं. काम साधं वाटतं. पेशंट दाखल झाला की तो घरी नेमक्या कोणत्या गोळ्या, किती आणि केव्हा घेतो याची खरी यादी करायची. ती डॉक्टरांनी वॉर्डात लिहिलेल्या औषधांशी ताडून पाहायची. फरक दिसला तर विचारायचं, हा मुद्दाम केलाय की राहून गेलाय? पेशंट घरी जाताना पुन्हा तेच: जुनं कोणतं चालू, कोणतं बंद, नवं कोणतं. पेशंटच्या तोंडच्या माहितीवर विसंबायचं नाही. पिशवी बघायची, जुने कागद बघायचे, दुकानदाराला फोन लावायचा. किमान दोन ठिकाणांहून तेच उत्तर आलं तरच लिहायचं.

त्या मंगळवारी दुपारी नायगावहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, अंगाने बारीक. सकाळपासून नाकातून रक्त थांबत नव्हतं, लघवीही लाल झाली होती. हृदयातली एक झडप काही वर्षांपूर्वी बदललेली, धातूची. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती कमी पडली तर झडप अडकते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. मधली वाट अरुंद असते आणि ती आयएनआर नावाच्या तपासणीवर मोजतात. या बाईंना अडीच ते साडेतीन हवा होता. आला आठच्या वर.

सोबत नवरा होता. नायगावात शिलाईचं दुकान, गळ्यात टेप तसाच. त्यांनी पिशवी माझ्यापुढे ठेवली: गोळ्यांची पानं, बिल, जुन्या तपासण्यांचे कागद, सगळं घडी घालून.

"रोज संध्याकाळी एक, चाचा?"

"एकच. आठ वाजता. मी सोता देतो मॅडम, तिच्यावर न्हाई सोडत."

"आणखी काही? कुठल्या दुसऱ्या डॉक्टरची गोळी, काढा, दुखण्याची गोळी?"

चाचांनी बायकोकडे पाहिलं. खाटेभोवती एक सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि आमचे तरुण रेसिडेंट डॉक्टर उभे होते. बाईंनी, मी त्यांना खाला म्हणू लागले होते, नाकावरचा कापूस धरून मान हलवली. न्हाई.

मी 'इतर औषधे: नाहीत' असं लिहिलं आणि पानातल्या गोळ्या मोजल्या. बिल आधल्या रविवारचं, तीस गोळ्यांचं. त्याच संध्याकाळपासून सुरू. रविवार ते पुढचा सोमवार म्हणजे नऊ गोळ्या. तिसातून नऊ गेले, एकवीस. पानात सोळा.

रेसिडेंट डॉक्टर माझ्या खांद्यावरून बघत होते. "झालं. नऊ दिवसांत चौदा. कधीतरी दोन-दोन दिल्या आहेत यांनी."

"मी दोन-दोन न्हाई दिलो साहेब," चाचा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "चाळीस वर्सं झाले, कापड कापून ऱ्हायलो. एका सुताचा फरक न्हाई पडत माझ्या मापात."

"कापडात नसेल पडत."

मी फॉर्मवर 'सोळा' लिहिलं. आकडा डॉक्टरांच्या बाजूने होता आणि आकड्यांवर माझा भरवसा.

उपचार योग्यच झाले. गोळी थांबवली, रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के अगदी थोड्या प्रमाणात तोंडाने दिलं. जास्त दिलं असतं तर झडपेला धोका होता. रक्त थांबलं. आयएनआर उतरत गेला. गुरुवारी गोळी पुन्हा सुरू केली, पण दोन मिलीग्रॅमऐवजी एकने. शनिवारी सकाळी आयएनआर दोन पॉइंट सहा. सगळे खूश. दुपारी डिस्चार्ज.

शनिवारचा डिस्चार्ज म्हणजे काय असतं ते वॉर्डात काम केलेल्यालाच कळतं. सगळ्यांना दुपारच्या आत घरी जायचं असतं, पेशंटलाही आणि डॉक्टरांनाही. नायगावहून भाच्याने जीप आणली होती आणि तो तासाभरापासून खाली हॉर्न वाजवत होता. प्रिंट काढलेला डिस्चार्जचा कागद माझ्याकडे आला. इंग्रजीत लिहिलं होतं: घरच्यांकडून चुकून जास्त डोस; यापुढे रोज एक मिलीग्रॅम; दोन आठवड्यांनी तपासणी.

दाखल होताना पेशंटच्या घरच्या गोळ्या आम्ही कपाटात ठेवतो आणि जाताना मोजून परत देतो. मी कपाट उघडलं. रक्ताच्या गोळीचं पान काढलं, सोळा. मग हृदयाच्या ठोक्यांसाठी सकाळी घ्यायच्या गोळीची पानं काढली. ही गोळी मी मंगळवारी मोजलीच नव्हती. तिच्यावर संशय घ्यायचं कुणाला कारणच नव्हतं. त्याच बिलातली, पंधराची दोन पानं. सोमवारी सकाळी सुरू, मंगळवार सकाळपर्यंत नऊ गेल्या असणार.

पानांत सोळा होत्या.

मी पुन्हा मोजल्या. सोळा. इथेही पाच कमी.

एखाद्याने चुकून रक्ताची गोळी पाच वेळा दुप्पट दिली, हे समजू शकते. त्याच माणसाने सकाळची वेगळी गोळीही नेमकी पाचच वेळा दुप्पट दिली? आणि पेशंटची नाडी मंगळवारी व्यवस्थित, अठ्ठ्याहत्तर? हे माप चुकल्याचं चिन्ह नव्हतं. हे मापाने काढून ठेवल्याचं चिन्ह होतं.

मी पानं हातात घेऊनच वॉर्डात गेले. चाचा चादरींची घडी घालत होते, टोकाला टोक जुळवून.

"चाचा, या दोन्ही पानांतल्या पाच-पाच गोळ्या कुठं आहेत?"

"खिशात," ते म्हणाले. जणू मी विचारलं होतं, सूर्य कुठे उगवतो.

"कुणाच्या खिशात?"

"कुणाच्या म्हंजे? खिशाच्या फडक्यात. घरी. मशिनीपशी टांगलंय." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी हाताने हवेत आखून दाखवलं. एक लांब पट्टी, तिला सात वारांचे सात खिसे वर आणि सात खाली. वर सकाळ, खाली संध्याकाळ. पायजम्याच्या उरलेल्या तुकड्यांचं, प्रत्येक वाराचा रंग वेगळा. दर रविवारी दुपारी ते पानातून आठवड्याच्या गोळ्या काढून खिशांत भरत. "म्या कधी घरी नसलो तर? वाचता येत न्हाई तिला. रंग कळतो. म्हून शिवलो."

"हे तुम्ही मंगळवारी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं, रोज किती देता. म्या सांगितलो. भरून कुठं ठेवता हे कोन इचारलं?"

खरं होतं. कुणीच विचारलं नव्हतं.

म्हणजे चाचांनी एकही गोळी जास्त दिली नव्हती. मंगळवार संध्याकाळपासून पुढच्या पाच-पाच गोळ्या नायगावात खिशांत बसून होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला आणि तो जास्त मोठा होता. डोस बरोबर होता, तर मग आठ कसा आला? काहीतरी होतं, जे माझ्या यादीत नव्हतं. आणि आम्ही चुकीचं कारण धरून डोस निम्मा करून त्यांना घरी धाडत होतो. ते कारण निघून गेलं की एक मिलीग्रॅम पुरणार नव्हती. दोन आठवडे कुणी तपासणार नव्हतं. तेवढ्यात धातूच्या झडपेवर गुठळी धरायला काही अडचण नव्हती.

"घरी कोण आहे?"

"सून हाय."

"व्हिडिओ कॉल लावा."

सुनेने फोन एका हातात धरला आणि फडकं खुंटीवरून काढून भुईवर पसरलं. फोनच्या एवढ्याशा पडद्यावरही ते सुरेख दिसत होतं. "मंगळवारचा खालचा खिसा उघडा," मी म्हटलं. "गोळ्या पांढऱ्या ताटलीत ठेवा. एकेक खिसा वेगळा, मिसळू नका."

ताटलीत दोन गोळ्या पडल्या. एक लहान पांढरी. दुसरी गुलाबी, जरा मोठी.

चाचा पुढे वाकले. "ही गुलाबी माझी न्हाई."

"बुधवार."

पांढरी आणि गुलाबी. गुरुवार, तेच. शुक्रवार, तेच. शनिवारच्या खिशातून फक्त पांढरी निघाली.

"मी न्हाई भरलो," चाचा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. माप त्यांच्या हातातून कुणीतरी हलवलं होतं.

मी खाटेकडे वळले. खाला खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांच्या पाठीवरूनच मला उत्तर कळलं. "चाचा, तुम्ही खाली जाऊन भाच्याला सांगा हॉर्न बंद कर. आणि चहा घेऊन या, पण सावकाश."

ते गेले. मी पडदा ओढला आणि खाटेवरच बसले.

"खाला, गुलाबी गोळी कशाची?"

"ती रक्ताची न्हाई बाई. खाजेची हाय."

"कुठं खाज?"

त्यांनी मांडीकडे बोट नेलं आणि लगेच मागे घेतलं. गजकर्ण झालं होतं, उन्हाळाभर. डॉक्टर पुरुष, नवरा समोर, वॉर्डबॉय तरुण पोरगा; कुणाला दाखवणार? लातूरला बहिणीकडे लग्नाला गेल्या होत्या. बहिणीलाही तेच झालं होतं. तिला तिथल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, तिला गुण आला, तर उरलेल्या दहा तिने यांना दिल्या. रोज रात्री एक. घरी आल्यावर चाचांनी भरलेल्या खिशांत यांनी गुपचूप एकेक टाकली, बुधवारपासून, म्हणजे विसरायला नको. रविवारी चाचांनी नवा आठवडा भरल्यावर पुन्हा उरलेल्या टाकल्या. गोळी देताना दिवा गेलेला असो की चष्मा नसो, चाचा खिसा उलटा करून सगळं यांच्या हातात ओतत. आत काय आहे ते कशाला बघायचं? भरणारे तेच.

"मंगळवारी मी विचारलं तेव्हा?"

"तुमी दुखण्याची इचारल्या. मला दुखत कुठं होतं?"

दहा गोळ्या, बुधवार ते सोमवार सहा पोटात, चार ताटलीत. हिशोब शेवटच्या गोळीपर्यंत जुळला. मला खाटेवरून उडी मारावीशी वाटली. पण सुट्या गुलाबी गोळीला नाव नसतं. रंगावरून ओळखणं हे अंदाजाचं काम, आणि अंदाजावर कुणाचा डोस बदलायचा नसतो.

"बहिणीचा नंबर द्या."

लातूरच्या बहिणीने फोन उचलला तेव्हा मागे कुकरच्या शिट्ट्या होत्या. मी कोण ते सांगितलं. ती आधी घाबरली, मग रागावली. "गोळीनं काय झालं? मला तर काईच न्हाई झालं."

"तुमच्या हृदयात धातूची झडप आहे का?"

"न्हाई बाबा."

"मग तुम्हाला काही होणार नाही. रिकामं पान किंवा खोकं आहे का घरात? त्याचा फोटो पाठवा, आत्ता. कुकर उतरवून घ्या आधी."

चार मिनिटं लागली. मी ती खिडकीच्या गजाला धरून काढली. फोटो आला, तिरका, पण अक्षरं स्पष्ट: फ्लुकोनॅझोल, दीडशे मिलीग्रॅम. मागून डॉक्टरांच्या चिठ्ठीचाही फोटो आला, न मागता. बाई माझ्यापेक्षा तयारीची निघाली.

बुरशीवरची ही गोळी यकृतात रक्ताच्या गोळीचा निचरा अडवते. तीच दोन मिलीग्रॅम मग शरीरात साठत जाते आणि दुपटी-तिपटीचं काम करते. पाच-सहा दिवस पुरेसे होतात. मंगळवारपासून गुलाबी गोळी बंद होती आणि तिचा असर ओसरत आला होता. म्हणजे आजचा दोन पॉइंट सहा हा थांबलेला आकडा नव्हता, अजून खाली चाललेला होता.

मी रेसिडेंट डॉक्टरांना गाठलं. ते बॅग खांद्याला लावत होते.

"मॅडम, समरी प्रिंट झाली, सही झाली."

"दुसरी प्रिंट निघते. डोस चुकीचा जातोय."

"ओव्हरडोस होता ना? तुम्हीच मोजल्यात."

"मीच चुकीचं मोजलं. चला."

मोठे डॉक्टर खाली ओपीडीत होते. मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरले; माझ्या वयाच्या बाईने असं करू नये, पण गुडघ्यांना त्या दिवशी काही ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्यापुढे दोन्ही पानं, फोटो आणि सुनेच्या ताटलीचा स्क्रीनशॉट ठेवला आणि दोन मिनिटांत सांगितलं. मोठे डॉक्टर कमी बोलतात.

"आधीचे आयएनआर?"

"दोन मिलीग्रॅमवर वर्षभर स्थिर. कागद आहेत. शेवटचे तीन आकडे: दोन पॉइंट सात, तीन, दोन पॉइंट आठ."

"इतर काही?"

"नाही. या वेळी पडदा ओढून विचारलंय."

ते हसले नाहीत, पण पेनचं टोपण काढलं. "आज संध्याकाळपासून दोन. मंगळवारी तपासणी, पंधरा दिवसांनी नाही. खाजेला फक्त लावायचं मलम, कोणतं चालेल ते तुम्ही बघून सांगा. आणि घरातल्या त्या गुलाबी गोळ्या…"

"सुनेला वेगळ्या डबीत भरायला सांगितल्यात. मंगळवारी इथे आणून देतील."

"बरं." मग रेसिडेंटकडे बघून म्हणाले, "कारणही बदला."

मी वर आले तेव्हा चाचा चहाचे दोन कागदी कप धरून उभे होते, दोन्ही गार झालेले. सावकाश म्हटल्यावर त्यांनी खरंच सावकाश आणला होता. मी त्यांना बाहेर घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही कप खिडकीत ठेवले.

"मला सांगायला काय झालं होतं तिला?"

"ते तुम्ही घरी बघा. रागवायचं नाही. रागावलात तर पुढच्या वेळी मलाही सांगणार नाही."

"रागवत न्हाई." मग जरा थांबून, "पर खिशात हात घातली माझ्या."

नवा कागद आला. मी त्यांना समजावलं: फडकं वापरा, उत्तम आहे, पण गोळी पानातून मोकळी काढून भरू नका. पान गोळीसकट कापा, एका तुकड्यात एक गोळी, आणि तो तुकडा खिशात घाला. नावाची बाजू असलेला तुकडा शेवटी कापा. खिशात तुकड्याबाहेरची सुटी गोळी दिसली की थांबायचं.

"कात्री तर माझीच हाय," ते म्हणाले. "एवढं सोपं हुतं, तर आधी सांगायचं न्हाई?"

"आधी मला फडकंच माहीत नव्हतं."

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला. "ह्यात लिहिलंय का, का म्या दोन-दोन दिलो?"

"ते काढलं."

"वाचा."

मी वाचलं, इंग्रजी आणि मग मराठी. बहिणीकडून मिळालेल्या बुरशीच्या गोळीमुळे रक्ताच्या गोळीचा असर वाढला. घरी दिलेला डोस बरोबर होता.

"शेवटचं परत वाचा."

मी परत वाचलं. त्यांनी कागद चौघडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि खाली जाऊन भाच्याला हॉर्न वाजवायला सांगितलं. निदान मला तसं ऐकू आलं.

त्याच दुपारी मी दाखल होताना भरायच्या आमच्या फॉर्मवर पेनने दोन ओळी वाढवल्या. घरी गोळ्या पानातून काढून कुठे ठेवता? आणि: कुणाकडून मागून किंवा वाटून घेतलेली गोळी, खाजेची, केसांची, झोपेची, कशाचीही? त्याखाली कंसात स्वतःसाठी: पडदा. 'इतर औषधे: नाहीत' ही माझी मंगळवारची ओळ मी खोडली नाही, तिच्याखाली खरी ओळ आणि तारीख लिहिली. पुढच्या शिकाऊ मुलींना तो कागद मी दाखवते. चूक कुणाची, असं त्या विचारतात. माझी, म्हणते आणि पुढचं पान उलटते.

मंगळवारी दोघं आले. सोबत डबी, डबीत चार गुलाबी गोळ्या. रक्त दिल्यावर तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ मी इतर दोन पेशंटांच्या याद्या केल्या असं म्हणते, पण खरं तर दर दहा मिनिटांनी लॅबच्या खिडकीशी जात होते. लॅबवाला शेवटी म्हणाला, मॅडम, तुमच्या घरातलं कुणी आहे का?

दोन पॉइंट सात.

मी आकडा सांगितला तेव्हा खाला आभाळाकडे बघून काहीतरी पुटपुटल्या. चाचांनी फक्त मान डोलावली.

"मापात हाय," ते म्हणाले.

"मापात आहे."

"मग निघतो. दुकानी चार ब्लाउजं पडलेत."

आणि खालांनी जाताना माझ्या कानाशी वाकून विचारलं, मलमाने महिनाभरात जाईल ना? मी म्हटलं, जाईल, आणि बहिणीला सांगा, उरलेलं मलमसुद्धा कुणाला द्यायचं नाही.